एसआरटीएफ आणि गँट चार्ट: ही जोडी आली कुठून, आणि गणित सोडवायचं कसं

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला शॉर्टेस्ट रिमेनिंग टाइम फर्स्टचं, म्हणजे एसआरटीएफचं, गणित जवळजवळ ठरलेलंच असतं, आणि नवीन पोरांचा ठरलेला प्रश्न असा की "प्रोसेस चालायच्या आधीच तिला किती वेळ लागणार हे सीपीयूला कळतं कसं?" प्रश्न एकदम बरोबर आहे, फक्त त्याचं उत्तर कॉम्प्युटरमध्ये शोधून सापडत नाही, त्यासाठी कारखान्यात जावं लागतं.

आधी चार्टचं बघू. हेन्री गँट हा अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअर, १९१९ मध्ये वारला, म्हणजे त्याच्या हयातीत आपण म्हणतो तसा कॉम्प्युटर नव्हताच. त्याच्या तक्त्यात डावीकडे मशीन किंवा कामगार, वर दिवस, आणि आडव्या पट्ट्या म्हणजे कोणतं काम कधी चाललं. (पोलंडच्या कारोल अदामिएत्स्कीनं असाच तक्ता १८९६ मध्येच केला होता, पण नाव गँटचं लागलं.) आपल्या गणितात मशीन एकच, ते म्हणजे सीपीयू, म्हणून चार्टमध्ये एकच पट्टी असते.

"छोटं काम आधी" हा नियमसुद्धा मशीनशॉपच्या हिशोबातनंच आला. १९५६ मध्ये डब्ल्यू. ई. स्मिथनं एका मशीनवर कामं कोणत्या क्रमानं लावावीत याचा पेपर लिहिला, त्यातली युक्ती इतकी सोपी आहे की वहीच्या कोपऱ्यात मावते. समजा ८ तासांचं काम पुढे आणि २ तासांचं मागे आहे. दोघांची अदलाबदल केली तर छोट्याचे ८ तास वाचतात आणि मोठ्याला फक्त २ तास जास्त थांबावं लागतं, म्हणजे एकूण ६ तासांचा फायदा. अशी जोडी दिसली की अदलाबदल करत जा, शेवटी सगळ्यात छोटं सगळ्यात पुढे येतं. आणि इथे वेळ आधी माहीत असणं यात विचित्र काहीच नाही, कारण या भागाला लेथवर किती वेळ लागतो हे फोरमनला माहीतच असायचं.

पण चालू काम मध्येच थांबवायचं म्हटलं तर कारखान्यात जीवावर येतं, कारण लेथवर बसवलेला भाग काढा, परत बसवा, परत माप जुळवा. कॉम्प्युटरला हे सोपं पडतं, रजिस्टर सेव्ह केले आणि दुसरी प्रोसेस उचलली, त्यालाही थोडा वेळ जातो पण पेपरातल्या गणितात तो शून्य धरतात. झेरॉक्सच्या दुकानात आपण हेच करतो की, कोणाची दोनशे पानं चालू असतात आणि आपण म्हणतो "दादा, एकच पान आहे, मारून द्या ना". चालू काम थांबवून ज्याचं सगळ्यात कमी उरलंय ते आधी चालवायच्या या पद्धतीवर लायनस श्रेज आणि लुई मिलर यांचा पेपर १९६६ चा, आणि हीच पद्धत सगळ्यात चांगली हे श्रेजनं १९६८ मध्ये सिद्ध केलं. त्याचं म्हणणं काय होतं ते गणित सोडवून झालं की डोळ्यांनी दिसेल, म्हणून आधी गणित. अरायव्हल म्हणजे प्रोसेस कधी आली, आणि बर्स्ट म्हणजे तिला सीपीयूवर एकूण किती वेळ लागतो.

```
प्रोसेस   अरायव्हल   बर्स्ट
P1        ०          ८
P2        १          ५
P3        ३          २
P4        ४          ४
```

वेळ ० ला एकटी P1 आहे, ती चालू. १ ला P2 आली, P1 चे ७ उरलेत आणि P2 चे ५, म्हणून P1 थांबली, P2 लागली. ३ ला P3 आली २ घेऊन, तोपर्यंत P2 चे ३ उरलेत, म्हणून P2 पण थांबली. ४ ला P4 आली ४ घेऊन, पण P3 चा फक्त १ उरलाय, तिला हात लावायचा नाही. ५ ला P3 संपली आणि खरी गंमत इथे आहे. P2 चे उरलेत ३, P4 चे ४, P1 चे ७, म्हणून P2 परत लागते आणि ८ ला संपते, मग P4 १२ पर्यंत, आणि बिचारी P1 शेवटी १९ पर्यंत.

```
| P1 | P2 | P3 | P2 | P4 | P1 |
०    १    ३    ५    ८    १२   १९
```

वेळ ५ ला बऱ्याच जणांचं चुकतं, ते P2 चा मूळ बर्स्ट ५ बघतात आणि P4 चे ४ कमी म्हणून P4 लावतात. नियमात "रिमेनिंग" आहे, म्हणून प्रत्येक वेळी उरलेला आकडा पेन्सिलनं खोडून नवा लिहायचा. ती चूक केली तर पुढे वेटिंगची सरासरी ४.५ येते, म्हणजे उत्तर फार वेडंवाकडं दिसत नाही आणि चूक कळतच नाही.

आता टर्नअराउंड म्हणजे संपायची वेळ वजा यायची वेळ. P1 १९, P2 ७, P3 २, P4 ८, बेरीज ३६, सरासरी ९. वेटिंग म्हणजे टर्नअराउंड वजा बर्स्ट: ११, २, ०, ४, बेरीज १७, सरासरी ४.२५. वेटिंग काढताना "पहिल्यांदा कधी सुरू झाली वजा कधी आली" असं करू नका, P2 आल्या आल्या सुरू झाली म्हणून तिचं वेटिंग ० येईल, पण मध्ये ३ ते ५ ती बाहेर बसली होती ते हिशोबात येणारच नाही. बेरीज तपासायची तर सगळे बर्स्ट मिळवा, १९ येतात, चार्ट पण १९ लाच संपतो, मध्ये रिकामा वेळ नसेल तर हे जुळलंच पाहिजे.

ह्याच चार प्रोसेस आल्या त्या क्रमानं चालवल्या तर सरासरी वेटिंग ७ येतं, आणि न थांबवता छोटी आधी घेतली तर ६. श्रेजचा मुद्दा असा की एसआरटीएफमध्ये कुठल्याही क्षणी अर्धवट राहिलेल्या कामांची संख्या बाकी कुठल्याही पद्धतीपेक्षा जास्त नसते. वेळ १२ ला बघा, आपल्याकडे एकटी P1 बाकी आहे, आल्या क्रमानं चालवलं असतं तर P2, P3, P4 तिघी बाकी असत्या. रांगेत कमी जण म्हणजे थांबणं कमी, एवढंच आहे ते.

P1 चे ११ मात्र विसरू नका. छोट्या प्रोसेस येतच राहिल्या तर तिचा नंबर लागणारच नाही, त्यालाच स्टार्व्हेशन म्हणतात.

आता पहिल्या प्रश्नावर येऊ. गंमत म्हणजे श्रेजचा पुरावा यायच्या आधीच, नोव्हेंबर १९६१ मध्ये, एमआयटीत फर्नांडो कोर्बातोच्या टीमनं सीटीएसएस नावाची टाइमशेअरिंग सिस्टिम चालवून दाखवली होती, आणि तिथे टर्मिनलवर बसलेला माणूस पुढची कमांड काय देईल आणि ती किती वेळ चालेल हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून सीटीएसएसच्या शेड्युलरनं अंदाज उलटा बांधला, आधी थोडाच वेळ द्यायचा, तेवढ्यात संपलं नाही तर काम मोठं दिसतंय म्हणून खालच्या रांगेत ढकलायचं, आणि तिथे नंबर लागला की दुप्पट वेळ द्यायचा. त्यातनं मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू आली. वेळ माहीत नसताना छोट्या कामाला पुढे काढायची ती पळवाट आहे असं मी तरी समजतो.

शुद्ध एसआरटीएफ मग जिथे आकार खरंच आधी कळतो तिथे परत आली. वेब सर्व्हरला मागितलेली फाइल किती बाइटची आहे ते पाठवायच्या आधीच माहीत असतं, म्हणून २००३ मध्ये कार्नेगी मेलनच्या मोर हारकोल-बाल्टर आणि सहकाऱ्यांनी लिनक्समध्ये बदल करून ज्या फाइलचे कमी बाइट उरलेत ती आधी पाठवायची असं करून दाखवलं. तिथे बर्स्टचा रकाना आधीच भरलेला असतो, आपल्या तक्त्यासारखा.