यूपीआयचे पैसे कट झाले, पण समोर जमा नाहीत: ग्राहकाला उत्तर काय द्यायचं?

बँकेच्या तक्रार विभागात सोमवारी सकाळी सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. आणि तिला जाणारं ठरलेलं उत्तर साधारण असं असतं:

«प्रिय ग्राहक, सदर व्यवहार तांत्रिक कारणास्तव अयशस्वी झाला असून आपली रक्कम ३ ते ७ कामकाजाच्या दिवसांत परत केली जाईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.»

दिसायला सभ्य, पण यात तीन चुका आहेत. व्यवहार अयशस्वीच झाला हे तपासलेलं नाही. मुदत नियमाप्रमाणे नाही. आणि मुदत उलटली तर ग्राहकाला काय मिळतं याचा उल्लेखच नाही. एक उदाहरण घेऊन हे उत्तर दुरुस्त करू.

समजा, शनिवारी ८ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री ११:५२ ला एका ग्राहकाने औषधाच्या दुकानात क्यूआर स्कॅन करून १,८४० रुपये दिले. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, पण दुकानातला साउंडबॉक्स बोलला नाही. दुकानदार म्हणाला, «माझ्याकडे काही आलं नाही.» ग्राहकाने रोख पैसे दिले आणि सोमवारी १० तारखेला बँकेला लिहिलं.

उत्तर लिहिण्याआधी आपल्या प्रणालीत दोन गोष्टी पाहायच्या. पहिली म्हणजे व्यवहाराची आत्ताची स्थिती. समोरच्या बँकेने स्पष्ट नकार दिला असेल तर पैसे बहुधा काही मिनिटांतच परत येतात, आणि असा ग्राहक तक्रार करायला क्वचितच येतो. अडतं ते नकार किंवा होकार काहीच वेळेत न आल्यामुळे. अशा व्यवहारात समोरची बँक नंतर आपले हिशेब जुळवते, आणि एक तर पैसे घेणाऱ्याच्या खात्यात जमा करते, नाही तर परत पाठवते. म्हणजे «रक्कम परत केली जाईल» हे वाक्य आपण आज लिहूच शकत नाही. उद्या दुकानदाराच्या खात्यात पैसे जमा झाले तर आपण खोटं बोललो असं ठरतं.

दुसरी गोष्ट: पैसे व्यक्तीला पाठवले होते की व्यापाऱ्याला? मुदत यावरच ठरते. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. व्यक्तीच्या खात्यात पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर समोरच्या बँकेने ते जास्तीत जास्त व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपणहून परत करायचे. व्यापाऱ्याला दिलेल्या पैशांची खात्री त्याच्याकडे पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला की दोन्ही प्रकारांत दिवसाला १०० रुपये भरपाई. तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता खात्यात टाकायची असते.

इथे एक गंमत आहे. दुकानात दिले म्हणजे व्यापाऱ्यालाच दिले असं नसतं. बरेच छोटे दुकानदार स्वतःच्या बचत खात्याचाच क्यूआर भिंतीला चिकटवतात, आणि मग तो व्यवहार व्यक्ती-ते-व्यक्ती असाच नोंदला जातो. ग्राहकाला हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे त्याला विचारू नका. नोंदीत बघा.

आता तारखा. परिपत्रकातला व्यवहाराचा दिवस कॅलेंडरचा असतो, कामकाजाचा नाही. दुसरा शनिवार असो, रविवार असो, घड्याळ थांबत नाही. रात्री ११:५२ चा व्यवहार म्हणजे दिवस ८ नोव्हेंबरच. आपल्या उदाहरणातला क्यूआर व्यापारी खात्याचा निघाला असं धरू, म्हणजे शेवटचा दिवस गुरुवार, १३ नोव्हेंबर. पैसे रविवारी १६ तारखेला आले, तर उशीर तीन दिवसांचा, भरपाई ३०० रुपये. तोच क्यूआर वैयक्तिक असता तर मुदत ९ तारखेला, रविवारीच संपली असती, आणि सोमवारी तक्रार वाचताना आपण आधीच उशिरात असतो.

मग सुधारलेलं उत्तर असं:

«नमस्कार. ८ नोव्हेंबर रोजी रात्री ११:५२ वाजता आपल्या खात्यातून १,८४० रुपये वजा झाले आहेत, हे आम्ही तपासले. दुकानदाराच्या बँकेकडून जमा झाल्याची खात्री अद्याप आलेली नाही. १३ नोव्हेंबरपर्यंत दोनपैकी एक गोष्ट होईल: ही रक्कम दुकानदाराच्या खात्यात जमा होईल किंवा आपल्या खात्यात परत येईल. जे होईल ते आम्ही आपल्याला कळवू. रक्कम परत येण्यास १३ नोव्हेंबरनंतर उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये आपल्या खात्यात जमा होतील, त्यासाठी वेगळा अर्ज नको. आपण दुकानदाराला रोख पैसे दिले आहेत, त्यामुळे ही रक्कम त्यांच्याकडे जमा झाली तर ती त्यांच्याकडून परत घ्यावी लागेल. तोपर्यंत मेसेज जपून ठेवा. आपला तक्रार क्रमांक खाली दिला आहे.»

रोख पैशांबद्दलचं वाक्य बहुतेक उत्तरांत नसतं आणि पुढची निम्मी भांडणं तिथूनच उगवतात. पैसे एकदा दुकानदाराकडे जमा झाले की हा नियम संपला. दुसऱ्यांदा दिलेली रक्कम बँक उलटवत नाही.

कोणाला लागू, कोणाला नाही

पैसे गेले पण पोचले नाहीत, एवढ्यापुरतीच ही मुदत आणि ही भरपाई आहे. चुकीच्या यूपीआय आयडीवर पैसे गेले आणि तिथे जमा झाले, तर तो व्यवहार यशस्वीच. फसवणूक झाली असेल तर रस्ताच वेगळा: ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि आपल्या बँकेला खबर. अशा ग्राहकाला «पाच दिवस थांबा» असं उत्तर गेलं तर फार मोठं नुकसान होतं, म्हणून तक्रार नीट वाचा.

काय मागायचं

व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, तारीख आणि वेळ, रक्कम, आणि घेणाऱ्याचं नाव किंवा यूपीआय आयडी. अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या पानाचा एक स्क्रीनशॉट दिला तर यातलं बहुतेक सगळं मिळून जातं. अ‍ॅपमध्ये याशिवाय एक लांबलचक व्यवहार क्रमांकही असतो. ग्राहक नेमका तोच पाठवतात, म्हणून «बारा अंकी» असं स्पष्ट लिहा. आधार, पॅन, स्टँपवरचा अर्ज काहीही लागत नाही. पिन आणि ओटीपी तर मागायचाच नाही.

मुदत उलटली तर

तक्रार आधी ज्या अ‍ॅपमधून पैसे पाठवले तिथे, त्याच व्यवहारावर जाऊन नोंदवता येते. तिथे निकाल लागला नाही तर अ‍ॅपमागची बँक, मग खातं असलेली बँक, मग यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या संकेतस्थळावरची तक्रार. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. शुल्क नाही. मात्र लोकपाल आधी बँकेकडे दिलेल्या तक्रारीचा पुरावा बघतो, आणि तो पुरावा म्हणजे आपण उत्तरात लिहिलेला तक्रार क्रमांक.