बाळ झोपलंय, थोडं थांबू

माझ्या धाकट्या बहिणीला गरोदरपणाचा छत्तिसावा आठवडा लागला तेव्हा तिच्या एनएसटीला, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्टला, मी सोबत गेले होते. या तपासणीत पोटाला दोन पट्टे बांधतात. एका पट्ट्यातली चकती बाळाच्या हृदयाचे ठोके टिपते, दुसरीला गर्भाशय कधी आवळतंय ते कळतं. आईच्या हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. शेजारच्या यंत्रातून आलेखाचा कागद हळूहळू बाहेर सरकत राहतो.

बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असतात. हात-पाय हलवले की ते वाढतात, आपण जिना चढल्यावर वाढतात तसे. हे वाढणं निदान १५ ठोक्यांचं हवं, निदान १५ सेकंद टिकायला हवं आणि वीस मिनिटांत दोनदा तरी दिसायला हवं. मग रिपोर्ट चांगला.

वीस मिनिटं झाली. रेघ १३५च्या आसपास जवळजवळ सपाट. बहिणीनं बटण एकदाही दाबलं नव्हतं आणि तिचे डोळे भरून आले होते. सिस्टर मात्र शांत होत्या. "बाळ झोपलंय ताई. डाव्या कुशीवर वळा, थोडं थांबू." आणखी दहा मिनिटांनी त्यांनी एक छोटा बझर आणला, हातानं चाचपून बाळाचं डोकं कुठे आहे ते पाहिलं आणि तिथे पोटावर टेकवून जेमतेम दोन सेकंद वाजवला. पोट एका बाजूनं टणकन उचललं गेलं. रेघ १३५वरून १६०कडे चढली. "दचकलं गं!" म्हणून बहीण हसली आणि रडलीही.

त्या दोन सेकंदांत बाळाला दोन गोष्टी पोचल्या: थरथर आणि आवाज. आणि तिसरी गोष्ट मोडली, ती म्हणजे झोप. या तिघी वेगवेगळ्या वेळी तयार होतात.

सगळ्यांत आधी येतो स्पर्श. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण साडेसात-आठ आठवड्यांना ओठांभोवतीची त्वचा जागी होते. तेव्हा गर्भ दोन सेंटिमीटरहूनही लहान असतो. ओठाला काही लागलं तर तो मान दूर वळवतो. पुढे दोन-तीन आठवड्यांनी तळहात, मग तळपाय, आणि चौदाव्या आठवड्यापर्यंत डोक्याचा वरचा आणि मागचा भाग सोडून जवळपास सगळं अंग स्पर्शाला उत्तर देऊ लागतं. मात्र हे उत्तर म्हणजे "त्याला कळलं" असं नव्हे. मज्जारज्जू आणि मेंदूचा खालचा भाग मिळून ते काम परस्पर उरकतात. मेंदूच्या वरच्या थरापर्यंत त्वचेची वर्दी नेणारे तंतू चोविसाव्या आठवड्याच्या सुमाराला जोडले जाऊ लागतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ ते ३३ आठवड्यांच्या बाळांच्या आयांनी पोटावरून हात फिरवला, तेव्हा नुसत्या बोलण्यापेक्षा हात फिरवल्यावर बाळांनी डोकं, हात आणि तोंड अधिक हलवलं. पोट कुरवाळण्याची सवय प्रत्येक आईला असते. ती बाळापर्यंत पोचते, हे वाचून मला फार बरं वाटलं.

कान तयार व्हायला जास्त वेळ लागतो. आतल्या कानातला शंखासारखा वळलेला भाग विसाव्या आठवड्याच्या आसपास आकाराला येतो, पण आवाजाला उत्तर मिळायला लागतं ते चोवीस-पंचवीस आठवड्यांना. जोरात थरथर केली की बाळ पापण्या घट्ट मिटतं आणि हे सोनोग्राफीत दिसतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतरही पापणी मिटलीच नाही, तर ऐकण्यात अडचण असू शकते. आधी ऐकू येतात ते खर्जातले आवाज. बेलफास्टला झालेल्या अभ्यासात सत्ताविसाव्या आठवड्यात जवळपास सगळ्या बाळांनी २५० आणि ५०० हर्ट्झच्या आवाजांना प्रतिसाद दिला. १००० आणि ३००० हर्ट्झच्या उंच आवाजांना सगळ्यांचा प्रतिसाद मिळायला तेहतीस ते पस्तीस आठवडे उजाडले.

विहिरीत डुबकी मारल्यावर काठावरची माणसं कशी ऐकू येतात ते आठवा. शब्द कळत नाहीत, पण कोण बोलतंय आणि रागानं की लाडानं, एवढं समजतं. पोटातही असंच होतं. पोटाची भिंत आणि गर्भजल उंच आवाज अडवतात. 'स', 'त', 'क' विरून जातात, बोलण्याची चाल उरते. आईचा आवाज मात्र हवेतून येतो तसाच तिच्या शरीरातूनही येतो, म्हणून तो सर्वांत ठळक. १९८० साली अमेरिकेत डिकॅस्पर आणि फायफर यांनी जेमतेम तीन दिवसांच्या आतल्या बाळांना एक खास चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की आवाज बदलायचा. बाळं आपल्याच आईचा आवाज लागेल अशा लयीत चोखू लागली. म्हणून पोटावर हेडफोन लावायला मी कुणालाच सांगत नाही. आवाज किती मोठा होऊन आत जातोय हे बाहेरून समजत नाही, आणि आई घरात बोलते, गुणगुणते ते बाळाला पुरेसं असतं.

झोप सर्वांत शेवटी रांगेला लागते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आधी हालचाल, डोळ्यांचं फिरणं, ठोक्यांचा चढउतार हे सगळं आपापलं चालू असतं, त्यांचा एकमेकांशी मेळ नसतो. बत्तीसच्या पुढे तो जुळू लागतो आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला दोन प्रकारची झोप स्पष्ट वेगळी दिसते. एकीत डोळे फिरतात, हातपाय हलतात, छाती श्वासाचा सराव करते. दुसरी गाढ झोप. तिच्यात अंग निश्चल, डोळे स्थिर, ठोके सपाट. गाढ झोपेचा एक डाव साधारण वीस ते चाळीस मिनिटांचा असतो. म्हणूनच एनएसटी वीस मिनिटांत न जमल्यास चाळीसपर्यंत वाढवतात. बहिणीच्या कागदावरची ती सपाट रेघ बाळाचा मेंदू वयात आल्याची खूण होती. हीच तपासणी अठ्ठाविसाव्या आठवड्यात केली असती, तर अगदी ठणठणीत बाळाचाही रिपोर्ट असा येऊ शकला असता, कारण त्या वयात ठोके तेवढे चढतच नाहीत. म्हणून बत्तीस आठवड्यांच्या आत १० ठोके आणि १० सेकंद एवढंच पुरे मानतात.

अडचण अशी की प्राणवायू कमी पडणारं बाळही असंच निपचित पडतं. ते हालचाल आवरून शक्ती वाचवतं. झोपलेलं बाळ बहुधा बझरनं जागं होतं, त्रासात असलेलं होत नाही. चाळीस मिनिटं आणि बझर होऊनही रेघ हलली नाही, तर लगेच सोनोग्राफीवर अर्ध्या तासापर्यंत श्वासाची हालचाल, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताण आणि गर्भजल पाहतात. आईला झोपेचं औषध किंवा बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल, तर ते आधी सांगायला हवं. त्यानंही बाळ काही काळ कमी हलतं.

घरी बझर नको आणि कागदही नको. डाव्या कुशीवर शांत पडून हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा भरल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ कमी हलतंय असं मनाला वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "नवव्या महिन्यात जागा कमी पडते, बाळ हलत नाही" असं घरातली वडील माणसं सांगतात, पण ते खरं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी कूस बदलल्यासारखं वाटतं, पण ती थांबत नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.