श्रुतलेखनातली चूक की कानाची सवय?

दुसरीतल्या एका मुलीची वही समजा. बाईंनी वीस शब्द सांगितले आणि तिचे नऊ बरोबर आले. वहीवर लाल शाईत ९/२० पडले. आता चुकलेले अकरा शब्द तिने लिहिले तसेच वाचू: गर, बाकरी, दागा, जाड, डग, दुद, वाग, थडी, बकद, पीशवी, मूलगा. सांगितले होते घर, भाकरी, धागा, झाड, ढग, दूध, वाघ, थंडी, बदक, पिशवी आणि मुलगा.

नऊ हा आकडा खोटा नाही, पण या अकरा चुका एका जातीच्या नाहीत. त्या वेगळ्या करायची सगळ्यात सोपी युक्ती अशी: चुकलेल्या शब्दांवर खुणा न करता वही परत द्यायची, पेन्सिल बदलायची आणि ‘आपलं आपण वाचून बघ’ म्हणायचं. चुकीची जागा मात्र दाखवायची नाही. या मुलीने ‘थडी’वर टिंब दिलं आणि ‘बकद’चं ‘बदक’ केलं. बाकीच्या शब्दांवरून ती न अडखळता पुढे गेली. भाषा शिकणाऱ्यांच्या चुकांबद्दल एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये हाच फरक मांडला होता: हातून निसटलेली चूक शिकणाऱ्याला स्वतःला दिसते, समजुतीतली दिसत नाही. ‘चिंच’वर तिने पहिल्याच वेळी टिंब दिलं होतं, म्हणजे अनुस्वार तिला येतो. हे दोन शब्द मी बरोबर धरीन.

उरलेल्यांत चुका किती, एवढंच मोजून भागत नाही. तो आवाज किती वेळा आला आणि त्यांपैकी किती वेळा चुकला, हे बघावं लागतं. घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरं या यादीत सात वेळा आली आणि सातही वेळा तिने ग, ज, ड, द, ब लिहिलं. उलट दिशेची चूक एकही नाही. ‘गाडी’चं ‘घाडी’ झालं नाही, ‘बाळ’चं ‘भाळ’ झालं नाही. नुसता अंदाज असता, तर चुका दोन्हीकडे पडल्या असत्या. शिवाय ‘खिडकी’, ‘छत्री’, ‘थंडी’, ‘फळ’ यांतले ख, छ, थ, फ तिने नीट लिहिले आहेत. तेव्हा सगळेच महाप्राण कच्चे आहेत, असंही नाही. कंठ कंपन पावत असताना जो श्वास मिसळतो, तेवढाच तिच्याकडून सुटतो.

यातले ‘दुद’ आणि ‘वाग’ मात्र मी कमी वजनाचे पुरावे मानते. बोलताना शब्दाच्या शेवटचा महाप्राण आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी सैल पडतो. सांगणाऱ्या बाईंनीच कदाचित ‘दूद’ म्हटलं असेल. शब्दाच्या सुरुवातीचे पाच पुरावे पक्के. यादीत असे दोनच शब्द असते, तर काहीच ठरवता आलं नसतं. म्हणून यादी करतानाच प्रत्येक प्रकारच्या आवाजाला चार-पाच संधी ठेवाव्यात.

‘पीशवी’ आणि ‘मूलगा’ यांची गोष्ट वेगळी. आजच्या बोलण्यात इथला ऱ्हस्व-दीर्घ फरक कानाला जवळजवळ कळतच नाही. तो नियमाने किंवा वाचनाने येतो. ‘नदी’, ‘गाडी’, ‘पाणी’ यांची शेवटची वेलांटी तिने दीर्घ दिली आहे, म्हणजे एक नियम बसला आहे आणि पुढचे बसायचे आहेत. ‘दुद’मध्ये हीसुद्धा चूक आहे, म्हणून तो एक शब्द दोन्ही खात्यांत जातो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला आवाजाचा गोंधळ म्हणणं अन्याय आहे.

घरची बोलीही बघावी लागते. ज्या घरात ‘पानी’ म्हणतात तिथलं मूल ‘पानी’ लिहितं, तेव्हा त्याने ऐकलेलं अगदी इमानाने लिहिलेलं असतं. खानदेशात ‘डोळा’ऐवजी म्हणतात त्या ‘डोया’चंही तेच. तिथे प्रमाण रूप शिकवायचं असतं, कानावर शंका घ्यायची नसते.

आता या मुलीचं नक्की कुठे अडतं? तोंडासमोर कागद धरून जोड्या म्हणायच्या: दार-धार, बाग-भाग, गडी-घडी, मधूनच दार-दार. एकच शब्द दोनदा आला की वेगवेगळे, एवढंच तिने सांगायचं. फरक बरोबर सांगितला, तर कान ठीक आहे आणि आवाज-अक्षराची जोडी पक्की करायची आहे. फरक कळलाच नाही, तर आधी ऐकण्याचा सराव हवा. आणि सर्दी-कानदुखी वारंवार होत असेल किंवा हाक मारलेलीही नीट ऐकू येत नसेल, तर कानाची तपासणी करून घ्यावी. फरक कळतो पण तिच्या स्वतःच्या तोंडी ‘गर’च येतं, तर लिहिण्याआधी ‘घर’ असं नीट म्हणायचा सराव करून घ्यायचा.

वहीत मी ११/२० लिहीन. शेजारी दोन ओळी: ‘घ-झ-ढ-ध-भ: ७ पैकी ० बरोबर’ आणि ‘शेवटचं अक्षर सोडून ऱ्हस्व-दीर्घ: ५ पैकी २’. आठवड्याने दुसरी यादी द्यायची, त्यात घागर, झाडू, ढोल, धान, भोपळा असे नवे शब्द. पहिल्या ओळीतला शून्य हलला का, ते तिथे दिसेल. जुनेच शब्द दिले तर फक्त पाठांतर दिसेल.