शून्यात अडकलेलं सर्किट आणि ‘हातगुण’

प्रयोगशाळेत एक वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे: “तुम्ही हात लावला की चालतं, हातगुण आहे तुमचा.” एका चाचणी-चिपच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं वाटावं असं घडलं. सप्लाय चालू होता, पण चिपमधून करंट जवळजवळ शून्य. बिघाड शोधायला एका पॅडवर ऑसिलोस्कोपचा प्रोब टेकवला आणि त्या क्षणी चिप जागी झाली. प्रोब काढला तरी चालूच राहिली. सप्लाय बंद करून सावकाश पुन्हा चढवला, तर पुन्हा मेलेली.

हातगुण वगैरे काही नसतो. त्या प्रोबने नेमकं काय केलं ते आकड्यांत सांगता येतं, आणि तेच या लेखात सांगायचं आहे.

जवळपास प्रत्येक ॲनालॉग चिपमध्ये एक छोटं सर्किट ठरावीक करंट तयार करतं, आणि बाकीची सर्किटं त्याच्या नकला काढून वापरतात. हा मूळ करंट सप्लायच्या व्होल्टेजवर अवलंबून असू नये. सप्लायला नुसता रेझिस्टर जोडून तो मिळवला, तर सप्लाय हलला की करंटही हलणार. म्हणून युक्ती अशी करतात की सर्किटने आपल्याच करंटवरून आपला करंट ठरवायचा. याला सेल्फ-बायस म्हणतात. हा शब्द ऐकून काहींना ‘फुकट ऊर्जे’चे व्हिडिओ आठवतात. तसं यात काहीच नाही. करंट सप्लायमधूनच येतो, ‘किती’ एवढंच सर्किट स्वतः ठरवतं.

त्याचं सर्वांत साधं रूप चार ट्रान्झिस्टरांचं असतं. वरचे दोन सारखे असतात. उजव्या फांदीतून जेवढा करंट वाहतो तेवढाच ते डाव्या फांदीत उतरवतात, म्हणजे नुसती नक्कल. हा झाला करंट मिरर. खालचे दोन मात्र सारखे नसतात. डावा साधा असतो. उजवा त्याच्या चौपट रुंद, आणि त्याच्या पायाशी एक रेझिस्टर. दोघांचे गेट जोडलेले असतात. डाव्यात करंट शिरला की त्याच्या गेटवर व्होल्टेज तयार होतं, तेच व्होल्टेज उजव्याला मिळतं आणि तो चौपट करंट ओढू पाहतो. रेझिस्टर त्याला आवरतो, कारण करंट वाढला की रेझिस्टरवरचं व्होल्टेजही वाढतं आणि उजव्याचा जोर तेवढा कमी होतो.

ट्रान्झिस्टर अगदी मंद करंटवर चालवले, तर हा समतोल फार देखण्या सूत्रात बसतो: I = V_T · ln(K) / R. यातला V_T म्हणजे थर्मल व्होल्टेज, साध्या तापमानाला सुमारे २६ मिलिव्होल्ट असतो, आणि K म्हणजे रुंदीचं गुणोत्तर, इथे ४. चारचा नैसर्गिक लॉगरिदम १.३८६, म्हणून रेझिस्टरवर ३६ मिलिव्होल्ट पडतात. रेझिस्टर ३६ किलोओहमचा घेतला की करंट १ मायक्रोॲम्पिअर. सप्लायचा यात पत्ताच नाही. मनगटी घड्याळांच्या चिपसाठी स्वित्झर्लंडमध्ये जे काम झालं त्यातून ही पद्धत पुढे आली. व्हिटोझ आणि फेलराथ यांचा १९७७ चा शोधनिबंध त्यासाठी आजही वाचला जातो.

आता मुख्य प्रश्न. या सर्किटाला १ मायक्रोॲम्पिअरच का हवा? शून्य का चालू नये? वरचा मिरर खालच्या जोडीला विचारतो, “किती करंट?” उत्तर येतं शून्य, आणि तो शून्याची इमानदार नक्कल करतो. खालची जोडी शून्याची चौपट करते, म्हणजे पुन्हा शून्य. कुणीही नियम मोडलेला नाही. समीकरणाला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

बरीच पाठ्यपुस्तकं इथेच थांबतात आणि म्हणतात, “म्हणून स्टार्टअप सर्किट लागतं,” म्हणजे याला शून्यातून बाहेर ढकलणारं एक जोडसर्किट. मला हे अपुरं वाटतं, कारण चौकस विद्यार्थी लगेच विचारेल: शून्य हे उत्तर असेल, पण ते टिकाऊ आहे का? टोकावर उभी केलेली पेन्सिलसुद्धा समतोलात असते, पण ती पडतेच.

करून पाहू. चक्रात कुठून तरी १ पिकोॲम्पिअर आला असं धरा, म्हणजे मायक्रोॲम्पिअरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा करंटने रेझिस्टरवर काहीच व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे आवर घालणारं कुणी नाही. एका फेरीत १ चे ४ होतात, मग १६, मग ६४. दहा फेऱ्यांनंतर चारचा दहावा घात होतो, म्हणजे साडेदहा लाख पिकोॲम्पिअर, म्हणजेच साधारण १ मायक्रोॲम्पिअर. शेवटच्या फेऱ्यांत रेझिस्टर जागा होतो: ०.२५ मायक्रोॲम्पिअर आत गेला तर १ नाही, ०.५ बाहेर येतो. ०.५ चे ०.७३, त्याचे ०.८७, मग ०.९४, आणि असं करत १ वर स्थिरावतो. वरून २ टाकले तर १.३ येतात, म्हणजे तिकडूनही तो १ कडेच ओढला जातो.

हे गणित मान्य केलं, तर शून्य म्हणजे टोकावरची पेन्सिल आणि स्टार्टअप सर्किटाची गरजच नाही! कित्येक चिप खरोखर तशाच चालूही होतात. घात तिथेच आहे.

हिशेबातून सुटली ती गळती. बंद ट्रान्झिस्टरच्या जंक्शनमधूनही अगदी थोडा करंट जमिनीकडे झिरपत असतो. खालच्या गेटपाशी ही गळती ५ पिकोॲम्पिअर आहे असं धरू. मिररने पाठवलेल्या करंटातून आधी हे ५ वजा होणार, उरलेल्याची चौपट होणार. सुरुवात ७ ने केली, तर २ उरतात, त्यांचे ८ होतात. पुढे ८ मधून ३ उरून १२, मग २८, मग ९२, आणि सर्किट सुटलं. सुरुवात ६ ने केली, तर १ उरतो, त्याचे ४ होतात. पुढच्या फेरीत ४ मधून ५ जाणार कसे? संपलं. या दोन्हींच्या मधोमध, पावणेसात पिकोॲम्पिअरच्या किंचित खाली, एक बांध उभा राहिला आहे. त्याच्या अलीकडे पडलेलं सर्किट शून्याकडे घसरतं, पलीकडचं १ मायक्रोॲम्पिअरकडे. शून्य आता पेन्सिलचं टोक राहिलं नाही, तो उथळ का होईना पण खराखुरा खड्डा झाला.

गळती नेहमी विरोधातच जाते असंही नाही. रुंद ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट गळू देतो आणि ती गळती चक्राला बीज पुरवते. वरच्या बाजूच्या जंक्शनची गळतीही गेट वर ढकलते. कोणती गळती जिंकेल हे तापमानावर, चिपच्या घडणीतल्या बारीक फरकांवर ठरतं, डिझाइन करणाऱ्याच्या इच्छेवर नाही. जंक्शनची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, म्हणजे २५ अंशांवरून उणे ४० वर गेलं की ती सुमारे नव्वदपट घटते. आणि मदत करणारी गळती जिंकली तरी वेळ लागतोच. १० पिकोफॅरडच्या गेटवर १ पिकोॲम्पिअरने ०.३ व्होल्ट चढवायला ३ सेकंद हवेत. थंडीत तो करंट दहापट कमी झाला तर अर्धा मिनिट. वापरणाऱ्याच्या लेखी ती चिप बंदच आहे.

सप्लाय झटकन लावला की चालतं आणि सावकाश चढवला की नाही, याचंही उत्तर याच बांधात आहे. वरच्या गेटला जमिनीच्या बाजूने १ पिकोफॅरड कपॅसिटन्स आहे असं धरा. सप्लाय १.८ व्होल्टपर्यंत १० मायक्रोसेकंदात चढला, तर तो कपॅसिटन्स भरायला १८० नॅनोॲम्पिअर लागतात. ते वरच्या ट्रान्झिस्टरमधून जातात आणि मिरर त्यांची नक्कल करतो. बांध सहज ओलांडला जातो. तोच सप्लाय अर्ध्या सेकंदात चढला, तर करंट फक्त ३.६ पिकोॲम्पिअर. बांधाच्या अलीकडेच.

आता प्रोबकडे येऊ. दहापट प्रोबचा रोध १० मेगाओहम असतो. सर्किट झोपलेलं असताना वरचं गेट सप्लायइतकं, १.८ व्होल्टवर असतं. तिथे प्रोब टेकवला की त्यातून १८० नॅनोॲम्पिअर जमिनीकडे जातात, म्हणजे एक लाख ऐंशी हजार पिकोॲम्पिअर. बांध सात पिकोॲम्पिअरचाही नाही. मापनाच्या उपकरणानेच आजार बरा केला होता.

स्टार्टअप सर्किट हेच काम करतं, फक्त नंतर आपण होऊन बाजूला होतं. एक ट्रान्झिस्टर वरचं गेट खाली ओढतो. त्याचं स्वतःचं गेट एका अतिशय कमकुवत, लांब ट्रान्झिस्टरने सप्लायकडे धरून ठेवलेलं असतं. मुख्य करंट वाहू लागला की खालचं गेट वर येतं, आणि त्यावर चालणारा तिसरा ट्रान्झिस्टर या ओढणाऱ्याचं गेट जमिनीवर आणून त्याला बंद करतो. सप्लायकडे धरणाऱ्याचा करंट, समजा ५० नॅनोॲम्पिअर, मुख्य करंटपेक्षा बराच कमी हवा. नाहीतर तिसऱ्याला तो हरवता येत नाही आणि ओढणारा कधीच पुरता बंद होत नाही. असा १० नॅनोॲम्पिअर जरी ओढला जात राहिला, तरी तो चक्रात फिरून सुमारे १७ होतो, म्हणजे १ मायक्रोॲम्पिअरमध्ये पावणेदोन टक्क्यांची चूक. ५० नॅनोॲम्पिअर साध्या रेझिस्टरने मिळवायचा तर ३६ मेगाओहम लागतील. चिपवर त्याला फार जागा जाते, म्हणून लांब ट्रान्झिस्टर.

सिम्युलेशन इथे हमखास फसवतं. स्पाइस हा सिम्युलेशनचा प्रोग्रॅम गणित सुटावं म्हणून प्रत्येक जंक्शनला `GMIN` नावाचा 1e-12 सीमेन्सचा काल्पनिक वाहक जोडतं. १ व्होल्टला त्यातून १ पिकोॲम्पिअर जातो, म्हणजे आपण ज्या गळतीबद्दल बोलतो आहोत तिच्याच मापाचा. खऱ्या चिपमध्ये नसलेलं बीज संगणकातल्या चिपला मिळू शकतं. म्हणून `GMIN` खाली आणून, सर्किटला मुद्दाम शून्यात ढकलून, सर्वांत कमी तापमानाला पाहावं. खालचं गेट `ng` आणि वरचं `pg` असेल, तर:

```
.options gmin=1e-15
.temp -40
.ic v(ng)=0 v(pg)=1.8
.tran 1m 5
```

पाच सेकंदांत करंट उठला नाही तर स्टार्टअप सर्किट निकामी आहे. दुसरी चाचणी सप्लाय अर्धा सेकंद घेऊन चढवण्याची. तिसरी, सप्लाय थोडाच खाली आणून परत वर नेण्याची.

त्या चाचणी-चिपचं स्टार्टअप नुसत्या एका कपॅसिटरवर चालणारं होतं. सप्लाय चढताना कपॅसिटर धक्का देतो, पण धक्क्याचा जोर चढण्याच्या वेगावर अवलंबून असतो. आमचा बेंच सप्लाय सॉफ्ट-स्टार्टवर, म्हणजे व्होल्टेज सावकाश चढवण्यावर, लावलेला होता. सॉफ्ट-स्टार्ट बंद करून स्विच मारला तेव्हा चिप पहिल्याच खेपेला उठली. पुढच्या आवृत्तीत कपॅसिटर काढून मघाशी सांगितलेले स्टार्टअपचे तीन ट्रान्झिस्टर घातले. त्या चिपला आम्ही सॉफ्ट-स्टार्टवरच तपासलं, उणे ४० अंशांना, प्रोब कुठेही न टेकवता.