सर्वांत अंधारा ठिपका आणि शेवटचा खांब

रात्री उशिरा, रहदारी थांबल्यावर, रस्त्यावर लक्समीटर ठेवून पाहावा. हाताच्या तळव्यात मावणारं यंत्र, त्याला वायरीने जोडलेली पांढरी घुमटी. ती घुमटी डांबरावर सपाट टेकवायची आणि स्वतः मागे सरकायचं, नाहीतर आपलीच सावली मोजली जाते. खांबाखाली आकडा चाळिसाच्या आसपास जातो. तिथून पंधरा पावलं चालून दोन खांबांच्या मध्ये, समोरच्या कडेला पुन्हा घुमटी टेकवली की तोच आकडा सहा-सातावर येतो. दोन्ही जागा एकाच रस्त्यावर आहेत आणि अहवालात दोघींसाठी मिळून एकच ओळ असते: सरासरी प्रदीपन १५ लक्स.

लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा प्रकाश. निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेला जमिनीवर पाव लक्सही जेमतेम पडतो, तर वाचायच्या टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स लागतात. वर्दळीच्या शहरी रस्त्याला १५ लक्स हे रास्त उद्दिष्ट आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा असतो आणि माझ्या मते अहवाल हातात आल्यावर आधी तोच पाहावा. तो म्हणजे एकसमानता: सर्वांत अंधाऱ्या ठिपक्यावरचा प्रकाश भागिले सरासरी. ती निदान ०.४ असावी लागते. याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. उजेडाच्या पट्ट्यातून जाताना डोळा त्या उजेडाला सरावतो आणि पुढच्या काळोख्या पट्ट्यात शिरल्यावर त्याला सावरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला दिसतच नाही.

आता एक रस्ता घेऊन हिशेब करू. रुंदी ९ मीटर, लांबी ८४० मीटर, खांब एकाच बाजूला आणि दिवा रस्त्याच्या कडेवर ९ मीटर उंचीला. खांबाची उंची रस्त्याच्या रुंदीइतकी असली की एका बाजूचे खांब साधारण पुरतात. रस्ता याहून बराच रुंद असेल तर दोन्ही बाजूंना खांब लावावे लागतात. दिवा १०० वॉटचा एलईडी, त्याला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या सर्किटचा खर्च धरून वॉटमागे १३० ल्युमेन देणारा, म्हणजे एकूण १३,००० ल्युमेन. ल्युमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचं माप.

हा सगळा प्रकाश रस्त्यावर पडत नाही. काही फूटपाथवर जातो, काही मागच्या भिंतीवर. या दिव्याचा ४५ टक्के प्रकाश रस्त्याच्या वाट्याला येतो असं धरू. शिवाय काच धुळीने मळते आणि एलईडीही वर्षांगणिक मंदावते, म्हणून आणखी ०.८ ने गुणायचं. या ०.८ ला देखभाल गुणांक म्हणतात. उरले ४,६८० ल्युमेन. प्रत्येक खांबाने ९ मीटर रुंदीच्या तुकड्यावर १५ लक्स द्यायचे, तर ४,६८० ला १३५ ने भागून अंतर येतं साधारण ३४ मीटर. पुष्कळ अहवाल इथेच थांबतात. सरासरी साधली आणि खांबही कमी लागले, म्हणून सगळे खूश असतात.

पण त्या अंधाऱ्या ठिपक्यापाशी जाऊन पाहू. तो बहुधा दोन खांबांच्या बरोबर मध्ये, समोरच्या कडेला असतो. अंतर ३४ मीटर असेल तर तिथून खांबाचा पाया जमिनीवरून १९ मीटरांहून जास्त लांब पडतो, आणि दिव्यातून निघालेला किरण सरळ खालच्या रेषेपासून ६५ अंश कलून तिथे पोहोचतो. इथे भूमिती निष्ठुर होते. किरण जितका तिरका, तितका त्याचा प्रवास लांब आणि तितका तो जमिनीवर अधिक पसरतो. गणितात हे कोनाच्या कोसाइनच्या घनाने येतं. तीव्रता तीच ठेवली तर ६५ अंशांवर जमिनीला मिळतो सरळ खालच्या तुलनेत जेमतेम साडेसात टक्के प्रकाश. म्हणूनच रस्त्याच्या दिव्याची भिंगं खाली कमी आणि बाजूला जास्त प्रकाश फेकतील अशी घडवलेली असतात. आपल्या दिव्याची तीव्रता त्या दिशेला ३,२०० कँडेला धरली, तर तिला उंचीच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने, भागून आणि त्याचे साडेसात टक्के घेऊन एका खांबाकडून साधारण ३ लक्स मिळतात, दोन्हींकडून ६, आणि काच मळल्यावर ४.८. सरासरी १५.३. भागाकार ०.३१. नापास.

इथे सर्वांत सहज सुचणारा उपाय म्हणजे जास्त वॉटचा दिवा. तो निरुपयोगी आहे. दिवा दुप्पट केला तर अंधारा ठिपका दुप्पट उजळतो, पण सरासरीही दुप्पट होते आणि भागाकार ०.३१ च राहतो. एकसमानता ठरते ती अंतर, उंची आणि भिंगाचा आकार यांवर. भिंग बदलून प्रकाश आणखी तिरका फेकता येतो, पण मग तोच किरण समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत घुसतो. उंच खांब चालतात, पण त्यांना पायाही मोठा लागतो. म्हणून इथे अंतर कमी करू.

अंतर घटलं की अंधाऱ्या ठिपक्याकडे जाणारा किरण कमी तिरका होतो. त्या दिशेला आपल्या दिव्याची तीव्रता थोडी जास्त धरू: ३० मीटरला ३,४०० कँडेला, २८ मीटरला ३,५००. मग ३० मीटरला एकसमानता ०.३७ येते आणि २८ मीटरला कशीबशी ०.४०. आता सरासरी साडेअठरा लक्स झाली आहे, गरजेपेक्षा जास्त. भागाकार वॉटवर अवलंबून नाही याचा इथे फायदा घ्यायचा. भिंग तेच ठेवून दिवा ८५ वॉटचा केला की सरासरी १५.८ होते आणि एकसमानता जागची हलत नाही. ३४ मीटरच्या आखणीत २५-२६ खांबांवर शंभर वॉटचे दिवे लागले असते, आता ३१ खांबांवर ८५ वॉटचे लागतील. वीज थोडीच जास्त जाते आणि काळोखाचे पट्टे उरत नाहीत.

अहवालातला १५ लक्स हा मळलेल्या, जुन्या दिव्यांचा आकडा आहे, हे काम ताब्यात घेताना पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. नवे दिवे लागल्याच्या रात्री मोजलं तर आपल्या रस्त्यावर वीस लक्सच्या जवळपास आणि अंधाऱ्या ठिपक्यावर आठच्या जवळपास मिळायला हवेत. पहिल्याच रात्री मीटर १५ दाखवत असेल, तर काही वर्षांनी तिथे १२ उरणार.

खांब ठरले. आता त्यांना वीज पोचवू. ३१ दिवे, एकूण २,६३५ वॉट. घरातल्या एका गिझरपेक्षा फार जास्त नाही, म्हणून फिडरच्या, म्हणजे दिव्यांना वीज नेणाऱ्या केबलच्या, हिशेबाकडे दुर्लक्ष होतं. पण गिझर दहा मीटरवर असतो आणि हे दिवे ८४० मीटरभर पसरले आहेत.

रस्त्याच्या एका टोकाला फिडर पिलर, म्हणजे वीज वाटणारी पेटी, आहे आणि त्यातून १० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल निघते असं समजा. सावधगिरीसाठी तार गरम झालेली धरली, तर तिचा रोध किलोमीटरला साधारण ३.७ ओहम. सगळे दिवे एकाच फेजवर टाकले तर सुमारे १२ अँपिअर वाहतात. एवढ्याने केबल कोमटही होत नाही, पण दिवे वाटेत पसरलेले असल्याने सरासरी निम्मं अंतर धरलं, तरी जाऊन परत येणाऱ्या तारेत शेवटच्या खांबापर्यंत सुमारे ३७ व्होल्ट गळून जातात. २३० पैकी सोळा टक्के! दिव्यांसाठी ही घट तीन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा संकेत आहे. तेव्हा दिवे आर, वाय, बी, पुन्हा आर अशा क्रमाने तीन फेजवर वाटायचे. आता फेजमागे जास्तीत जास्त ११ दिवे, ४.३ अँपिअर, आणि तिन्हींचे परतीचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. घट पावणेसात व्होल्टवर येते, म्हणजे २.९ टक्के. कागदावर पास. एक फेज गेली तरी सलग पट्टा काळा न पडता दर तिसरा दिवाच विझतो, हा आणखी एक फायदा.

प्रत्यक्षात मात्र खांबाच्या पेटीत जी तार हाताला लागली ती जोडली जाते, आणि एका फेजवर सोळा दिवे होऊन बसतात. हे ओळखायला पिलरमध्ये क्लॅम्पमीटर लावून तिन्ही फेजचे आणि न्यूट्रलचे अँपिअर पाहायचे. फेज जवळपास सारख्या हव्यात. एलईडी ड्रायव्हरमुळे न्यूट्रलमध्ये थोडा प्रवाह राहणारच, पण तो फेजइतका होऊ लागला तर वाटणी चुकली असावी.

मला खरी काळजी वाटते ती शेवटच्या खांबाची. तिथे पावसात तारेचं आवरण फाटलं आणि जिवंत तार लोखंडी खांबाला लागली, तर काय होतं? प्रवाह फेजने जातो आणि अर्थच्या तारेने परततो. अर्थची तार तेवढ्याच जाडीची धरली तरी जाऊन-येऊन रोध ६.२ ओहम होतो. २३० भागिले ६.२ म्हणजे फक्त ३७ अँपिअर. सी प्रकारच्या ६ अँपिअरच्या एमसीबीने क्षणार्धात पडावं याची खात्री ६० अँपिअरला मिळते. ३७ ला तो पडेलही, पण कदाचित आतली पट्टी तापून काही सेकंदांनी, आणि तेवढा वेळ खांब जिवंत राहतो.

याला एक नेहमीची चूक येऊन मिळते. एलईडी ड्रायव्हर सुरू होताना मिलिसेकंदाच्या अंशभर कित्येक अँपिअर ओढतो, आणि एका एमसीबीवरचे अकरा ड्रायव्हर हे एकाच क्षणी करतात. मग रोज संध्याकाळी दिवे लागतानाच एमसीबी पडतो, पुन्हा चढवला की कधी टिकतो, कधी नाही. वैतागून कोणीतरी तिथे १० अँपिअरचा बसवतं. तक्रार थांबते, पण आता तात्काळ पडायला १०० अँपिअर हवेत आणि शेवटच्या खांबावर ३७ च मिळतात.

दोन्हींवर उपाय एकच आहे आणि त्याला जास्त केबलही लागत नाही. फिडर पिलर रस्त्याच्या मध्यावर, सोळाव्या खांबापाशी आणायचा आणि दोन्ही बाजूंना वेगळे एमसीबी द्यायचे. लांबी निम्मी आणि प्रवाहही निम्मा, म्हणून व्होल्टेजची घट चौथाईवर येते: पावणेसातऐवजी सुमारे १.७ व्होल्ट. एका एमसीबीवर पाच-सहाच ड्रायव्हर राहतात, त्यामुळे संध्याकाळचं पडणं बहुतेक थांबतं. दोषाचा प्रवाह मात्र दुप्पट होऊन ७४ अँपिअर होतो, ६० च्या वर. यात पिलरच्या मागच्या वीजजाळ्याचा रोध धरलेला नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी येईल. म्हणून सोबत गळतीवर पडणारं संरक्षणही द्यायचं. आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी लूप टेस्टर घेऊन थेट टोकाच्या खांबापाशी जायचं, पेटीचं झाकण उघडायचं आणि तिथला रोध मोजायचा. या रस्त्यावर तो ३.८ ओहमच्या आत यायला हवा.