तीन वायरींची बेरीज शून्य का येते?

मार्कंडेय किंवा घटप्रभेच्या काठावर उसाला पाणी देणारी थ्री फेज मोटर उघडून पाहा. घरच्या पंख्याला दोन वायरी असतात, एकीतून करंट येतो आणि दुसरीतून परत जातो. मोटरीला मात्र तीन वायरी जातात आणि तिन्ही फेजच्या. अर्थिंगची वायर असते, पण ती माणसाला झटका बसू नये म्हणून; करंट परत नेणं हे तिचं काम नव्हे. मग परतीची वाट कुठे आहे?

वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा टंग टेस्टर असेल तर याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं. एकेका वायरीभोवती जबडा लावला तर प्रत्येकीत सारखाच करंट दिसतो, समजा १० अँपिअर. तिन्ही वायरी एकदम जबड्यात धरल्या की काटा शून्यावर येतो. तसा तो आला नाही, तर मोटरीच्या वाइंडिंगमधून करंट जमिनीत गळतोय असं समजावं. म्हणजे परतीची वेगळी वाट लागतच नाही. एका वायरीतून जेवढं येतं, तेवढं त्याच क्षणी बाकीच्या दोघींमधून जातं.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा दिशेची पूर्ण फेरी करते, आणि तिन्ही फेज एकमेकींच्या १२० अंश मागेपुढे असतात. कुठल्याही क्षणीचा करंट हा त्या त्या कोनाच्या कोसाइनच्या पटीत असतो. एक क्षण घेऊन पाहू. पहिली फेज २० अंशांवर आहे, तर दुसरी १४० वर आणि तिसरी २६० वर. कोसाइन येतात ०.९४०, −०.७६६ आणि −०.१७४. बेरीज शून्य. आणखी थोडा वेळ जाऊ द्या, कोन ३०, १५० आणि २७० झाले: ०.८६६, −०.८६६ आणि ०. पुन्हा शून्य. आकडे बदलतात, बेरीज हलत नाही.

वर्तुळावर समान अंतराने सम संख्येचे बिंदू घेतले तर यात नवल नाही. प्रत्येक बिंदूच्या बरोबर समोर दुसरा असतो, त्याचा कोसाइन उलट चिन्हाचा, जोड्या लागून सगळं उडून जातं. पण तीन, पाच, सात अशा विषम संख्येला समोरचा जोडीदारच नसतो. पाच बिंदू घ्या: ०, ७२, १४४, २१६ आणि २८८ अंश. कोसाइन आहेत १, ०.३०९, −०.८०९, −०.८०९ आणि ०.३०९. एकही आकडा दुसऱ्याला पूर्ण खोडत नाही, तरी पाचांची बेरीज शून्य. याचं कारण जोड्यांमध्ये शोधून सापडत नाही. ते एकमूळांमध्ये, म्हणजे ज्यांचा ठरावीक घात केला की १ येतो अशा संख्यांमध्ये आहे.

त्यासाठी संमिश्र संख्येकडे केंद्रातून निघालेला बाण म्हणून पाहायचं. बाणाचं आडवं माप म्हणजे कोसाइन, उभं माप म्हणजे साइन. १ हा आकडा म्हणजे सरळ उजवीकडे जाणारा एक लांबीचा बाण. आता ७२ अंशांवरच्या तेवढ्याच लांबीच्या बाणाला w म्हणू. एखाद्या बाणाला w ने गुणलं की तो बाण ७२ अंशांनी फिरतो, लांबी तीच राहते. म्हणून w² हा १४४ अंशांवर, w³ हा २१६ वर, w⁴ हा २८८ वर, आणि w⁵ पूर्ण फेरी करून पुन्हा १ वर. हे पाच बाण म्हणजेच १ ची पाच पंचममूळं. त्यांची बेरीज S समजू:

S = 1 + w + w² + w³ + w⁴

आता S ला w ने गुणा. प्रत्येक बाण एक घर पुढे सरकतो:

wS = w + w² + w³ + w⁴ + 1

यादी तीच आहे, फक्त १ शेवटी गेला. म्हणजे wS = S. हे थांबून पाहण्यासारखं आहे: S हा असा बाण आहे की तो ७२ अंश फिरवला तरी जागचा हलत नाही. ज्याला थोडीही लांबी आहे असा बाण फिरवल्यावर तिथेच कसा राहील? राहू शकत नाही. S ला लांबीच नाही. बीजगणितात लिहायचं तर (w − 1)S = 0, आणि w हा १ नाही, म्हणून S = 0. बाण शून्य, तर त्याचं आडवं मापही शून्य, म्हणजे कोसाइनची बेरीज शून्य. साइनचीही त्याच ओळीत झाली. सुरुवात ० ऐवजी २० अंशांनी केली तर S ला २० अंशांच्या बाणाने गुणायचं, शून्य शून्यच राहतं. पाचाऐवजी तीन बाण आणि w हा १२० अंशांवर घेतला तरी पुरावा हाच, त्यामुळेच मोटरीतली बेरीज प्रत्येक क्षणी शून्य असते.

हा पुरावा मला फार प्रिय आहे, कारण त्यात एकाही कोनाचा कोसाइन काढावा लागत नाही. पण त्याची अटही तिथेच दिसते. यादी पुन्हा तीच यायला बिंदूंनी पूर्ण वर्तुळ व्यापलं पाहिजे. ०, ३०, ६०, ९० अंश समान अंतरावर आहेत, तरी त्यांची बेरीज शून्य नाही. आणि विद्यार्थी ० आणि ३६० दोन्ही मोजतात तेव्हा उत्तर १ येतं. उत्तर १ आलं की हीच चूक शोधावी.

दुसरी अट अशी की w हा १ असता कामा नये, आणि विजेच्या कामात नेमकी हीच महत्त्वाची ठरते. मोटरीला मिळणारी शक्ती कोसाइनच्या वर्गावर अवलंबून असते, आणि वर्गात दुप्पट कोन येतो. १२० चे २४० होतात, २४० चे ४८०, म्हणजे पुन्हा १२०. तेच तीन बाण, फक्त क्रम बदलला. बदलणारा भाग उडून जातो आणि शक्ती एकसारखी राहते. म्हणून थ्री फेज मोटर सिंगल फेजच्या मोटरीसारखी थरथरत नाही. कोन तिप्पट केले तर? १२० चे ३६० आणि २४० चे ७२०. तिन्ही बाण एकाच दिशेला आले, w आता १ झाला, आणि बेरीज शून्याऐवजी तीन.

ही तिप्पट कागदावरच राहत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याचं ऑफिस घ्या. तिथे संगणक, एलईडी दिवे आणि चार्जर फेज-न्यूट्रलवर चालतात, आणि चौथी वायर म्हणून न्यूट्रल असतो. ही उपकरणं करंट गुळगुळीत लाटेने घेत नाहीत, झटक्याझटक्याने घेतात. त्यामुळे ५० हर्ट्झच्या लाटेवर १५० हर्ट्झची लाट चढते, आणि तिचे कोन तिप्पट असतात. तिन्ही फेजचा लोड सारखा वाटलेला असला तरी ही लाट न्यूट्रलमध्ये एकमेकींना खोडत नाही, साचत जाते. न्यूट्रलचा करंट एका फेजच्या करंटपेक्षाही जास्त होऊ शकतो, आणि न्यूट्रलची वायर बारीक असेल तर ती तापते.

न्यूट्रल तापण्याचं साधं कारणही असतं, लोड असमान असणं. एका फेजवर २० अँपिअर आणि बाकी दोघींवर १०-१० असतील, तर १०-१०-१० चा भाग उडून जातो आणि उरलेले १० न्यूट्रलमध्ये येतात. दोन्ही दुखण्यांतला फरक ओळखता येतो. लोड फेजांमध्ये नीट वाटून दिल्यावर न्यूट्रलचा करंट उतरला, तर दोष असमानतेचा होता. तिन्ही फेज सारख्या वाचत असतानाही न्यूट्रल चढलेलाच असेल, तर तो तिपटीच्या लाटेचा आहे, आणि लोड कितीही हलवून तो जात नाही; न्यूट्रल जाड घ्यावा लागतो किंवा फिल्टर बसवावा लागतो. पाचपट आणि सातपट लाटा मात्र सारख्या वाटलेल्या लोडवर न्यूट्रलमध्ये येत नाहीत, कारण पाच आणि सातला तीनने भाग जात नाही आणि बाण वर्तुळावर पुन्हा तीन जागी पसरतात. न्यूट्रलमध्ये साचतात त्या तीनपट, नऊपट आणि पंधरापट लाटा.