स्लीप सॅक आणि स्वॉडल : वजन, लांबी, गळा व बाह्यांचे माप

स्लीप सॅक म्हणजे बाळाने अंगात घालून झोपायची बिनबाह्यांची पिशवी. वर गळा, दोन्ही बाजूंना हात बाहेर काढायला बाहीची भोके, समोर किंवा बाजूला चेन आणि खालून बंद. अंगावर मोकळे पांघरूण न घालता बाळाला ऊब मिळावी, म्हणजे झोपेत पांघरूण तोंडावर येण्याचा धोका राहू नये, हा तिचा उद्देश. स्वॉडल हा त्याआधीच्या वयाचा प्रकार आहे. त्यात नवजात बाळाचे हात आतच राहतात आणि कापड छातीभोवती चापून बसते. आपले दुपट्यात गुंडाळणे म्हणजे स्वॉडलच. बाजारात मिळतात ती त्याची चेन किंवा वेल्क्रो लावून शिवलेली रूपे.

भारतीय दुकानांत आणि संकेतस्थळांवर ‘बेबी स्लीपिंग बॅग’ या नावाने बहुधा वेगळीच वस्तू विकली जाते: कापूस भरलेली, डोक्यामागे टोपी असलेली जाड गादीसारखी पिशवी. बाळाला बारशाला किंवा दवाखान्यात न्यायला ती बरी पडते, पण रात्री झोपवायला ती योग्य नाही. तिला गळा नसतोच, त्यामुळे बाळ आत सरकू शकते, आणि टोपीचा फुगीर कापूस तोंडाजवळ येतो. ही नोंद त्या पिशवीबद्दल नाही.

स्लीप सॅकची दोन मापे दोन वेगळ्या गोष्टींवर ठरतात आणि गोंधळ नेमका इथे होतो. गळा, छाती व बाह्यांची भोके यांचा संबंध बाळाच्या जाडीशी, म्हणजे व्यवहारात वजनाशी असतो. पिशवी किती खोल हवी हे लांबीवर ठरते. वयाचा संबंध या दोन्हींशी दूरचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तीन महिन्यांच्या मुलाचे मध्यम वजन 6.4 किलो, तर मुलीचे 5.8 किलो असते. पण भारतात वजन नोंदवलेल्या बाळांपैकी साधारण 18 टक्के बाळे 2.5 किलोपेक्षा कमी वजनाची जन्मतात, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. अशा बाळासाठी ‘0 ते 6 महिने’ ही चिठ्ठी जवळपास निरुपयोगी आहे. युरोपात बाळाच्या खाटेत वापरायच्या अशा पिशव्यांसाठी 2018 पासून ईएन 16781 हे मानक आहे. पिशवीवर असे मानक छापलेले असले तरी ते बाळ त्या मापात बसत असेल तेवढेच उपयोगाचे.

आपल्याकडे लहान मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायची रीत आहे. झबल्याला ती चालते. स्लीप सॅकमध्ये फक्त लांबी वाढत्या अंगाची चालते, गळा कधीच नाही. लांब पिशवीत बाळाचे पाय खाली मोकळे राहतात एवढेच. सैल गळ्याच्या पिशवीत मात्र बाळ पाय झाडते, पिशवी पायाकडून वर ढकलली जाते, कड हनुवटीवरून ओठांवर आणि मग नाकावर येते. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला ती हाताने दूर करता येत नाही. तेच कापड तोंडावर राहिले तर सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते.

गळा तपासायची पहिली पायरी टेपची. चेन आणि खांद्यांची बटणे लावून पिशवी सपाट ठेवा, गळ्याच्या कडेने आतून टेप फिरवा आणि बाळाच्या मानेचा घेर मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे सैलपणा. बंद गळ्याचा घेर बाळाच्या डोक्याच्या घेरापेक्षा स्पष्ट कमी असायलाच हवा, म्हणजे डोके आत जाणार नाही. पण एवढ्यावर समाधान मानू नये, कारण नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 34 सेंटिमीटर असतो आणि 30 सेंटिमीटरच्या गळ्यातूनही नाक-तोंड झाकले जाऊ शकते. दुसरी पायरी बाळाच्या अंगावर. पिशवी घालून बाळाला उताणे झोपवा. मान आणि कड यांच्यामध्ये मोठ्या माणसाचे एक बोट सपाट, ओढाताण न करता जावे. दोन बोटे एकावर एक सहज जात असतील तर गळा मोठा आहे. मग पुढची कड धरून हळूच हनुवटीकडे ओढून पाहा. ती हनुवटीखालीच अडली पाहिजे. ओठांपर्यंत पोचली, तर चिठ्ठीवर काहीही छापलेले असो, ती पिशवी आज वापरायची नाही.

ही तपासणी बाळाने रात्री जे कपडे घालायचे ते घालूनच करावी. स्वेटर घालून घट्ट बसलेला गळा उन्हाळ्यात नुसत्या झबल्यावर सैल होतो. उलट, गळा मोठा आहे म्हणून आत जाड कपडे घालून तो भरून काढणे हा उपाय नव्हे. त्याने बाळ तापते.

बाहीच्या भोकांकडे लोकांचे लक्ष कमी जाते. भोक मोठे असले की बाळ कोपर वाकवून हात आत ओढून घेते. मग त्या बाजूचा सगळा कपडा ढिला पडतो, पिशवी अंगाभोवती फिरते, खांदा गळ्यातून बाहेर येतो आणि जो गळा टेपने बरोबर होता तोच आता तोंडापर्यंत सरकतो. म्हणून हात बाहेर असताना कोपर हलकेच वाकवून आत जाते का ते पाहावे. बऱ्याच पिशव्यांना काखेत एक टिचबटण असते. ते लावले की भोक आणि छाती दोन्ही लहान होतात. लहान बाळासाठी ते सजावट म्हणून उघडे ठेवू नये. फार अरुंद भोकाची खूण सोपी आहे: सकाळी काखेत किंवा दंडावर लाल वळ असतो, कधी हात नेहमीपेक्षा गार किंवा निळसर वाटतो. तेव्हा पुढचे माप घ्यायची वेळ झालेली असते, बटण तोडायची नव्हे.

लांबीसाठी जर्मन घरांतला एक हिशेब उपयोगी पडतो. बाळाच्या लांबीतून डोक्याची लांबी वजा करायची आणि पाय झाडायला 10 ते 15 सेंटिमीटर मिळवायचे. आली ती पिशवीची खांद्यापासून तळापर्यंतची लांबी. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या साधारण चौथाई असते. खरेदी करताना एक खाच आहे. काही युरोपीय पिशव्यांवर 70 किंवा 90 लिहिलेले असते ती पिशवीची लांबी असते, तर 62/68 असे लिहिलेले असेल तर ती बाळाची लांबी. अमेरिकेहून मावशीने आणलेल्या पिशवीवर बहुधा पौंड असतात. 10 ते 18 पौंड म्हणजे सुमारे 4.5 ते 8.2 किलो.

एक उदाहरण घेऊ. जन्मवेळी 2.2 किलोची मुलगी दहाव्या आठवड्याच्या लसीला 3.7 किलो आणि 52 सेंटिमीटर भरली. घरात भेट आलेली पिशवी आहे: ‘0 ते 6 महिने’, लांबी 70, खांद्यांची बटणे आतल्या जागी लावल्यावर गळा 27 सेंटिमीटर. मुलीची मान 20 सेंटिमीटर, म्हणजे 7 सेंटिमीटर सैल. कड ओढली तर नाकावर येते. डोक्याची 13 सेंटिमीटर वजा केली तर खांद्यापासून टाचेपर्यंत 39, म्हणून पिशवी 49 ते 54 हवी. तिला 50 लांबीची, 23 सेंटिमीटर गळ्याची पिशवी बरोबर बसते आणि मोठी कपाटात जाते. चौदाव्या आठवड्याला वजन 4.3 किलो, मान 21. फरक अजून 6, कड ओठांपर्यंत येते, म्हणून पुन्हा नकार. पाच महिन्यांची होताना ती 5.6 किलो, 59 सेंटिमीटर आहे आणि मान 23. आता फरक 4 उरतो, एक बोट जाते, कड हनुवटीखाली अडते. लांबीच्या हिशेबाने तिला 55 ते 60 पुरली असती, 70 थोडी जास्तच, पण गळा आणि बाह्या बसल्या आहेत म्हणून ती चालते. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसींना वजन होतेच आणि माता व बाल संरक्षण कार्डावर चढतेही. त्याच दिवशी गळा पाहण्याची सवय सोयीची.

स्वॉडलची मापे याच धाग्यातली, पण सैलपणाचा हिशेब वेगळा. तयार स्वॉडलची पंखासारखी पट्टी किंवा दुपट्याची वरची घडी खांद्यांच्या खालीच राहावी. ती खांद्यांवर बसली की झोपेत मानेकडे सरकते. छातीवर दोन-तीन बोटे जावीत, म्हणजे श्वास घेताना छाती फुलते. कमरेखाली मात्र भरपूर जागा हवी, गुडघे वाकून बाजूला पडले पाहिजेत. पाय सरळ करून आवळून बांधायची पद्धत खुब्याचा सांधा निसटायला कारण होते. जपानमध्ये 1975 च्या सुमारास ती सोडण्याची मोहीम निघाली आणि तिथे खुबा निसटण्याचे प्रमाण उतरले. आपल्याकडच्या ‘पाय सरळ राहावेत’ या जुन्या आग्रहाला म्हणूनच आधार नाही. बाळ कुशीवर वळू पाहते आहे असे दिसले की स्वॉडल वापरणे थांबवून हात बाहेर असलेली पिशवी घ्यायची. हे बहुधा तीन-चार महिन्यांत होते, कधी त्याआधीही. हात बांधलेले बाळ पालथे झाले तर त्याला तोंड वर उचलायला आधार उरत नाही. वजन भरलेल्या पिशव्या आणि स्वॉडल वापरू नयेत, असे अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2022 मध्ये स्पष्ट लिहिले. बाळाला नेहमी उताणेच झोपवावे, आणि घरात झोपताना टोपरे व कुंची काढून ठेवावी. कुंचीच्या नाड्या तर गळ्याशीच असतात.

पिशवी किती ऊब धरते ते टॉग या एककात लिहितात. ब्रिटिश सल्ल्यानुसार 2.5 टॉग 16 ते 20 अंशांच्या खोलीसाठी, तर 24 अंशांवर 0.5. कोकणात किंवा मुंबईत वर्षातला बराच काळ 0.5 टॉगही जास्त होते. तिथे एकेरी मलमलीची पिशवी किंवा नुसते सुती झबले पुरते. मानेचा मागचा भाग घामट असेल तर एक थर कमी करावा. हातपाय गार असणे ही थंडी वाजल्याची खूण धरू नये.

वापरलेली पिशवी दुसऱ्या बाळाला देण्याआधी गळा पुन्हा मोजावा. होजियरीची कड धुऊन धुऊन ताणली जाते आणि मूळ 25 चा गळा 27 होऊ शकतो. सुती विणीची पिशवी उलट आखडते, म्हणून नवीही एकदा धुऊनच मापावी. खांद्याचे एक टिचबटण उडाले असेल तर ती बाजू गळ्यात उघडते, तिथे सेफ्टी पिन लावू नये. नवे बटण बसवेपर्यंत पिशवी वापरू नये.